वर्धा नदीच्या दोन काठांवरचा जमीन महसूल: जमीनदारी, रयतवारी आणि आजचे जिल्हे

प्रश्न: ब्रिटिशांनी जिथे जमीनदारी आणली ते जिल्हे आजही मागे आहेत आणि रयतवारीचे जिल्हे पुढे गेले, असे वाचनात आले. महाराष्ट्रात हे खरेच दिसते का? दिसत असेल तर नेमके कुठे आणि कसे पडताळायचे?

महाराष्ट्रात पडताळायचे असेल तर विदर्भासारखी जागा नाही. वर्धा नदीच्या पश्चिमेला वऱ्हाड, म्हणजे आजचे अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा आणि यवतमाळ. तिथे मुंबई पद्धतीची रयतवारी होती, म्हणजे सरकार सारा थेट शेताच्या खातेदाराकडून घेई. पूर्वेला नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. तिथे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा भरणारा एक मालक, आणि दाट जंगलाच्या पट्ट्यात अस्सल जमीनदाऱ्या. दोन्ही बाजू इंग्रजांच्या हाती जवळपास एकाच वेळी आल्या: वऱ्हाड 1853 च्या तहाने निजामाकडून, तर भोसल्यांचे नागपूर राज्य तिसरे रघूजी वारल्यावर 1854 पर्यंत खालसा झाले. 1903 पासून दोन्हींचा कारभारही नागपुरातूनच चालू लागला. भाषा एक, बरीचशी जातव्यवस्था एक, नदीकाठची काळी माती एक. फरक तेवढा महसुलाच्या पद्धतीचा.

पण दोन्ही बाजूंचे आजचे आकडे शेजारी ठेवले, तर प्रश्नातले साधे समीकरण इथे बसत नाही. 2011 च्या जनगणनेत वर्धा आणि अमरावती, दोघांचीही साक्षरता सुमारे 87 टक्के आहे. भंडारा आणि बुलढाणा दोघे 83 च्या आगेमागे. मालगुजारीचे नागपूर 88 वर, तर त्याच नागपूर राज्यातून आलेले चंद्रपूर 80 वर आणि गडचिरोली 74 वर. म्हणजे मोठी दरी नदीच्या दोन काठांमध्ये दिसत नाही, ती पूर्वेच्या आतच आहे. महसूल पद्धतीचा ठसा पुसला गेला, असा मात्र याचा अर्थ नाही. ‘जमीनदारी’ आणि ‘रयतवारी’ या दोन खोक्यांत तो मावत नाही, एवढेच. त्यासाठी या पद्धती गावात प्रत्यक्ष कशा चालत ते पाहावे लागते.

आधी पश्चिमेचा काठ. 1861 पासून वऱ्हाडात मुंबई इलाख्याची मोजणी सुरू झाली. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून सुरुवात करून घडवलेली ही पद्धत. प्रत्येक शेत साखळीने मोजायचे, त्याला सर्व्हे नंबर द्यायचा, बांधांवर दगड रोवायचे. मग प्रतवारी: मातीची खोली आणि पोत पाहून, वाळू, चुनखडी, उतार, पाणथळ असे दोष वजा करून शेताची किंमत आण्यांत काढायची. सोळा आणे म्हणजे उत्तम. त्यानंतर बाजारापासूनचे अंतर, पाऊस आणि भाव पाहून गावांचे गट करायचे आणि प्रत्येक गटाला एकरी कमाल दर लावायचा. समजा गटाचा दर दीड रुपया आहे आणि शेत दहा एकराचे, बारा आण्यांचे. मग सारा झाला 10 × 1.5 × 12/16, म्हणजे सव्वा अकरा रुपये. हा आकडा तीस वर्षे बदलायचा नाही, मग कपाशीचा भाव दुप्पट होवो की निम्मा.

हा सारा भरणारा तो खातेदार. त्याला शेत विकता येई, गहाण टाकता येई, नको असेल तर राजीनामा देऊन सोडताही येई. मध्ये कोणी मालक नाही. पाटील-पटवारी वसूल करतात, तहसीलदार तपासतो, आणि दरवर्षी कोणत्या नंबरात काय पेरले याची नोंद होते.

आता पूर्वेचा काठ. भोसल्यांच्या काळात गावचा सारा एकरकमी भरण्याचा मक्ता पाटलाकडे किंवा एखाद्या सावकाराकडे असे. 1860 च्या दशकातल्या बंदोबस्तात, म्हणजे सारा ठरवण्याच्या कामात, इंग्रजांनी या मक्तेदारांना गावाचे मालक ठरवले आणि मालगुजारांची ही मालकी कायद्यात पक्की झाली. नागपूर खालसा झाले तेव्हा शेजारच्या मुंबई इलाख्यात रयतवारीचे दिवस होते. पण बंदोबस्ताचे काम 1857 नंतर हाती आले, आणि बंडाने हादरलेल्या सरकारला गावोगावी आपल्या बाजूचा एक वजनदार माणूस हवा होता. नदीपलीकडे वेगळी पद्धत येण्याचे हे मोठे कारण. मातीचा त्यात फारसा संबंध नाही, आणि दोन काठांची तुलना करण्यात अर्थ आहे तो त्यामुळेच.

मालगुजारी गावाचा हिशेब असा होई. कुळांकडून येणारा खंड, समजा 800 रुपये. मालगुजाराच्या स्वतःच्या सीर आणि खुदकास्त जमिनीचा अंदाजे खंड 250. गवत, मोह, मासळी, झाडे यांचे ‘सिवाय’ उत्पन्न 50. एकूण 1,100. त्यातला साधारण निम्मा ते साठ टक्के वाटा सरकारचा. पंचावन्न धरला तर 605 रुपये. कुळांचे 800 आणि सिवायचे 50 हातात घेऊन त्यातून 605 भरले की मालगुजाराकडे रोख उरतात 245, आणि वर स्वतःची सीर जमीन. गावाचा मालक म्हणवणाऱ्या माणसाच्या मानाने ही कमाई मोठी नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ते 800 रुपये कोण ठरवतो ही. बिहार-बंगालमध्ये 1793 च्या कायमधाऱ्याने सरकारचा वाटा कायमचा गोठवला आणि रयतेचा खंड मात्र जमीनदारावर सोडला. सारा तिथेच राहिला, खंड शंभर-सव्वाशे वर्षांत कित्येक पट झाला, आणि त्या फरकावर पत्तनीदार, दर-पत्तनीदार अशी मधल्या लोकांची उतरंड उभी राहिली. मध्य प्रांतात तसे झाले नाही. इथे बंदोबस्त अधिकारी नुसता मालगुजाराचा सारा ठरवून थांबत नसे, तो कुळांचा खंडही ठरवून देई. काळी, मोरंड, खरडी, बरडी अशा प्रत्येक मातीला तुलनात्मक गुण, आणि गावाला प्रति गुण एक दर. कुळाच्या शेताचे गुण मोजले की त्याचा खंड निघाला. 1883 आणि 1898 च्या कुळकायद्यांनी याला आधार दिला. कायम हक्काच्या कुळाला मनमानी हुसकावता येत नसे, आणि ज्यांची वहिवाट जुनी होती त्यांतले काही मलिक-मकबुजा म्हणून आपल्या शेताचे मालकच ठरले. बंदोबस्तही कायमचा नव्हता, ठरावीक वर्षांनी सगळे नव्याने मोजले जाई.

म्हणून मालगुजार दिसायला जमीनदार, पण त्याचे दोन्ही हात सरकारने बांधलेले. बिहारचा जमीनदार आणि नागपूरचा मालगुजार एकाच रकान्यात घातले की पुढचा सगळा हिशेब चुकतो. आणि नेमके हेच घडलेले आहे. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर या अर्थशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये देशभरातले जिल्हे तपासून दाखवले, की जमीनदारी जिल्ह्यांत शेतीची गुंतवणूक आणि उत्पादकता रयतवारी जिल्ह्यांपेक्षा कमी आहे आणि ही दरी मुख्यतः 1965 नंतर, हरितक्रांतीच्या काळात रुंदावली. अभ्यास मोलाचा आहे, स्पर्धा परीक्षांच्या नोट्सपर्यंत पोचलेला आहे. त्यात मध्य प्रांतांचे जिल्हे जमीनदारीत मोजले होते. 2013 मध्ये आयव्हर्सन, पामर-जोन्स आणि कुणाल सेन यांनी हे वर्गीकरण चुकीचे असल्याचे सांगून ते दुरुस्त केले आणि गणित पुन्हा मांडले, तर मूळ निष्कर्ष टिकला नाही. एका प्रांताचे खाते बदलल्यावर देशभराचा निष्कर्ष हलत असेल, तर तो निष्कर्ष वापरताना हात आखडताच ठेवावा असे माझे मत. बिहार आणि तमिळनाडूत फरक नाही असे कोणी म्हणत नाही. तो फरक किती महसुलामुळे आणि किती इतर कशामुळे, हे त्या सरासरीतून कळत नाही.

याची उलट बाजू वऱ्हाडात दिसते आणि ती सहसा सांगितली जात नाही. रयतवारीत सरकारला दिसतो फक्त खातेदार. त्याने शेत दुसऱ्याला मक्त्याने किंवा बटईने दिले, तर तो कसणारा माणूस कायद्याच्या नजरेत जवळजवळ नव्हताच. त्याचा मक्ता किती असावा, त्याला कधी काढावे, यावर बंधन नाही. वऱ्हाडातल्या अशा शेतमक्त्यांचे नियमन करणारा कायदा आला तो 1951 मध्ये. म्हणजे 1900 साली वर्धेकाठच्या आर्वीतल्या मालगुजारी कुळाचा खंड सरकारने ठरवलेला होता, आणि पलीकडच्या चांदूरमधल्या बटईदाराचा खंड मालकाच्या मर्जीवर होता.

आणि असे बटईदार वाढत का गेले? विकण्याच्या आणि गहाण टाकण्याच्या मोकळीकीमुळे. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी पेटली, तिकडची रुई थांबली आणि वऱ्हाडी कपाशीला सोन्याचा भाव आला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. खामगाव, अमरावती, बडनेरा, धामणगाव ही कपाशीची गावे झाली. कारंज्यात 1886 मध्ये नियमन असलेला कापूस बाजार भरू लागला आणि 1897 मध्ये सबंध वऱ्हाडासाठी बाजाराचा कायदा आला. शेत तारण ठेवता येत असल्याने सावकाराचा पैसा सहज मिळे. चांगल्या वर्षी या पैशातून विहीर, बैलजोडी, सरकी होई. वाईट वर्षी शेत सावकाराच्या नावे होई आणि जुना मालक तेच शेत मक्त्याने कसू लागे. पूर्वेला कुळाचा हक्क विकण्यावर कायद्याची आडकाठी होती. शेत सावकाराकडे जाणे अवघड होते, तसे कर्ज मिळणेही अवघड होते.

वऱ्हाडाचा फायदा दुसरीकडे झाला. मालगुजारासारखा एकच धनी गावात नसल्याने मध्यम खातेदारांचा मोठा वर्ग तयार झाला. बाजार समित्या, लोकल बोर्ड आणि शाळा यांत तो शिरला. 1932 मध्ये पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती याच वर्गाच्या बळावर. हा दुवा मला खरा वाटतो. पण तो शेतीच्या उत्पादनातून कमी आणि सार्वजनिक संस्थांतून जास्त काम करतो, आणि नागपूर-वर्धेला राजधानी, रेल्वे आणि स्वातंत्र्य चळवळीमुळे मिळालेल्या शाळांनी तो फरक बराचसा भरून काढला.

आता शेतीतले आजचे अंतर पाहू. 2006 मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भाला 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर केले, ते सहा जिल्ह्यांसाठी होते: अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ आणि वर्धा. पाच रयतवारीचे, एक मालगुजारीचा. सहांना जोडणारी गोष्ट म्हणजे कोरडवाहू कपाशी. सिंचनाचा अनुशेषही असाच. 1984 च्या दांडेकर समितीने जिल्हा हे एकक धरून अनुशेष काढला, तेव्हा राज्याच्या एकूण अनुशेषात विदर्भाचा वाटा सुमारे 39 टक्के होता. पुढची वर्षे गेली तसा नागपूर विभागाचा सिंचन अनुशेष भरत आला आणि जो चिवटपणे उरला तो अमरावती विभागात, म्हणजे जुन्या रयतवारी वऱ्हाडात. ‘रयतवारी म्हणजे पाण्यात गुंतवणूक’ हे सूत्र इथे उलटे पडते.

पूर्वेकडे पाणी जास्त का, याचे एक कारण पाऊस आणि भाताचे खाचर. दुसरे कारण थेट महसूल पद्धतीतून आलेले आहे: माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. यांतले पुष्कळ गोंड राजांच्या काळातले आणि कोहळी समाजाने बांधलेले, म्हणजे मालगुजारीच्याही आधीचे. मालगुजारीने त्यांना काय दिले, तर जबाबदारी कोणाची याचे उत्तर. पाळ, म्हणजे तलावाचा बांध, गावच्या मालकाची. फुटली तर त्याच्याच सीर जमिनीचा भात जातो आणि कुळांचा खंडही बुडतो. त्यामुळे उन्हाळ्यात गाळ काढणे, पाळीवर माती घालणे, सांडवा बांधून घेणे हे त्याच्या हिताचे होते. त्यासाठी तो गावाकडून वेठही घेई, हे विसरू नये. कुळांना ते जाचक होते. पाणी कोणत्या शेताला कोणत्या क्रमाने, हे वाजिब-उल-अर्ज या गावच्या रिवाजांच्या कागदात लिहिलेले असे, आणि गावच्या नोंदीप्रमाणे हक्काच्या शेतांना त्याचा वेगळा पैसा पडत नसे.

मध्य प्रदेशच्या 1950 च्या कायद्याने 31 मार्च 1951 पासून मालकी हक्क संपले. जमीन कुळांकडे गेली, ते योग्यच झाले. बहुतेक तलाव सरकारकडे आले, आणि तिथे गाठ बसली. मालगुजाराकडे तलाव होता तेव्हा देखभालीचा खर्च आणि भाताचे उत्पन्न एकाच वहीत होते. आता तलाव सरकारचा, शेत कुळाचे, मासळीचा ठेका ढिवरांच्या सहकारी संस्थेचा, आणि बुडीत क्षेत्रातली गाळपेर आणखी कोणाची. भात पोटरीत असताना शेतकऱ्याला पाणी सोडायला हवे असते, मासेमारी संस्थेला ते साठवायला हवे असते. जे पाणी आजवर हक्काचे होते त्यावर पाणीपट्टी कशी, हा वाद पेटला. पट्टी वसूल होत नाही म्हणून दुरुस्तीला पैसा नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणून पट्टी देत नाही, असा फेरा. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे वाटले गेले. एका नाल्यावर साखळीने असलेल्या दोन तलावांचे दोन धनी झाले. वरचा फुटला की खालचा फुटतो, पण वरच्याची पाळ खालच्या कार्यालयाच्या अंदाजपत्रकात नाही.

तलाव मरतोय हे ओळखायला मोठी मोजणी लागत नाही. पाळीवर पळस आणि बाभळीची जाड खोडे वाढली असतील, तर मुळांच्या वाटेने गळती सुरू झालेली असते. पाणी सोडायच्या तोंडाशी गाळ तळापेक्षा उंच असेल, तर तलाव भरलेला दिसतो आणि दिवाळीआधीच शेतात पाणी येणे थांबते. बुडीत क्षेत्रात पावसाळ्यातही बांध दिसू लागले, तर तिथे गाळपेर हळूहळू कायमची शेती झाली आहे, आणि आता पूर्ण भरणे गावातल्याच कोणाला तरी नको आहे. ही तिसरी खूण सगळ्यात वाईट, कारण ती गाळ काढून दुरुस्त होत नाही.

मालगुजारीचा आजच्या जिल्ह्यांवरचा ठसा मला सगळ्यात स्पष्ट इथे दिसतो. भंडारा-गोंदियात जुन्या पद्धतीने पाण्याची साधने दिली; ती मोडताना जबाबदारी कोणाकडे जाणार याचा विचार अर्धवट राहिला, आणि आजचे सिंचन त्या अर्धवट विचाराएवढेच आहे. पद्धत कशी होती याइतकेच ती कशी संपवली, हे जिल्ह्याच्या आकड्यात उतरते. रत्नागिरीचेही तसेच. तिथे खोती होती आणि ती मालगुजारीपेक्षा जाचक. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये ती रद्द करण्याचे विधेयक मांडले, ती संपली मात्र 1949 च्या कायद्याने. तोवर कोकणी माणूस गिरणीत गेला होता. मनीऑर्डरीवर शाळा चालल्या, जमीन पडीक राहिली. खोतीचा ठसा शोधायचा तर तो रत्नागिरीच्या साक्षरतेत सापडणार नाही, एकेका सात-बारावरच्या तीस-चाळीस नावांत आणि आजही मिटत नसलेल्या कुळांच्या दाव्यांत सापडेल.

राहिला गडचिरोली. चांदा, म्हणजे जुन्या चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेला अहेरीसारख्या जमीनदाऱ्या होत्या. त्या मालगुजारी नव्हेत. सरकारला ठरावीक, अगदी हलकी टाकोळी द्यायची. जमीनदारी विकता येत नाही, वाटता येत नाही, थोरल्याकडेच जाते. जंगल आणि त्यातले उत्पन्न जमीनदाराचे. मालगुजारी गावात मोजणीदार, पटवारी, बंदोबस्त अधिकारी जितके वेळा आले, त्याच्या मानाने या पट्ट्यात सरकार फार कमी पोचले. पुष्कळ गावांची शेतवार मोजणी झाली ती फार उशिरा. नोंद नाही म्हणून कर्ज नाही, वनखात्याशी हद्दीचा वाद आला तर दाखवायला कागद नाही. साक्षरतेचे 74 आणि 88 यांच्यातले अंतर समजून घ्यायचे असेल, तर मालकाचे नाव काय होते याहून सरकार गावात किती आत शिरले होते हे जास्त कामाचे ठरते. बिहारचे दुखणेही बरेचसे हेच आहे: कायमधाऱ्यामुळे सरकारला शंभर वर्षे शेत मोजण्याची गरजच पडली नाही, शेतवार मोजणी सुरू झाली ती 1885 च्या कुळकायद्यानंतर, आणि 2024 मध्ये राज्यभर नवे विशेष सर्वेक्षण हाती घ्यावे लागले. अर्थात अहेरी पट्ट्यात जंगल, अंतर आणि आदिवासींबद्दलची शतकभराची अनास्था हेही आहे. त्यातला महसुलाचा वाटा वेगळा काढता येतो असे मी म्हणणार नाही.

तुम्हाला स्वतः पडताळायचे असेल तर जिल्हा हे एकक सोडा. गडचिरोली 1982 मध्ये, वाशीम 1998 मध्ये आणि गोंदिया 1999 मध्ये वेगळे झाले, त्यामुळे जुन्या जिल्ह्याचा आकडा नव्याला चिकटवता येत नाही. अमरावतीच्या सरासरीत मेळघाट येतो, जिथे सपाटीवरची रयतवारी तशी कधी चाललीच नाही. यवतमाळात 1865 च्या पडीक जमिनीच्या नियमांनी सबंध गावे इजाऱ्याने दिली होती. रयतवारी जिल्ह्यात बसलेले हे लहान जमीनदारच. म्हणून नदीच्या दोन्ही काठांवरचे समोरासमोरचे तालुके घ्या: आर्वीसमोर तिवसा आणि चांदूर रेल्वे, काटोल-नरखेडसमोर वरुड-मोर्शी. माती, पाऊस आणि रेल्वेपासूनचे अंतर सारखे असले तरच फरक महसुलाचा म्हणता येतो. वरुड आणि काटोलची जोडी करून पाहाच: एकीकडे रयतवारी, दुसरीकडे मालगुजारी, आणि दोन्हीकडे संत्रा, दोन्हीकडे विहिरी-बोअर. तिथे आजचे दुखणे आटत चाललेल्या भूजलाचे आहे. ते नदीच्या एका काठाला थांबत नाही.

गावाची जुनी पद्धत कागदावर कळते. पूर्व विदर्भात तहसीलच्या अभिलेख कक्षात बंदोबस्ताची मिसल मागा. त्यात मालगुजार, मलिक-मकबुजा, कायम कुळे आणि साधी कुळे वेगवेगळी लिहिलेली असतात, आणि शेताला खसरा नंबर असतो. त्यापुढचा महत्त्वाचा कागद 1954-55 चा अधिकार अभिलेख. मालकी हक्क संपल्यावर कोण भूमिस्वामी झाला, कोण भूमिधारी राहिला, हे त्यात दिसते. भूमिधारी नोंदीचे पुढे भोगवटादार वर्ग-2 झाले असेल, तर ती जमीन विकायला परवानगी लागे आणि बँक तारण घ्यायला कुरकुर करी. महसूल पद्धतीचा परिणाम शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोचतो तो असा. त्याच कक्षात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मिळतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये विदर्भासाठी त्यांचे वेगळे प्रकरण आहे, त्यामुळे चराई, सरपण, तलावाचे पाणी यांवरचा गावाचा हक्क आजही त्यांवरून सांगता येतो. वऱ्हाडात हे शोधू नका. तिथे मूळ मोजणीचे सर्व्हे नंबर, आकारबंद आणि फेरफार पाहा. आणि एकाच शेताचा साठ-सत्तर वर्षांचा फेरफार उलगडताना शेत किती वेळा गहाण पडले आणि कोणाच्या नावे गेले, ते मोजा.

हे कागद दोन गावांचे जरी शेजारी ठेवले, तरी वर्गीकरणाच्या तक्त्यात ‘जमीनदारी: होय/नाही’ असा एक रकाना पुरत नाही हे लगेच कळते. निदान चार लागतात: खंड कोण ठरवत होता, बंदोबस्त किती वर्षांनी फिरत होता, शेतवार नोंद कधीपासून आहे, आणि मालकी संपली तेव्हा तलाव आणि जंगल कोणाच्या नावे गेले. चौथा रकाना बहुतेक अभ्यासांत नसतो. भंडाऱ्यात नेमका तोच भरावा लागतो.